फोनशिवाय घड्याळावर गाणी: या चुका टाळा

घरात सगळं नीट वाजतं आणि धावायला रस्त्यावर पोहोचल्यावर स्मार्ट घड्याळ गप्प होतं, ही तक्रार बहुतेकांची असते. बऱ्याचदा घरीही गाणं घड्याळातून वाजतच नसतं. वाजत असतो तो फोन, घड्याळ फक्त रिमोट. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री फोन पूर्ण बंद करा आणि गाणं लावून बघा. नुसता दुसऱ्या खोलीत ठेवून भागत नाही, ब्लूटूथ तिथवर पोहोचतं.

मुळात घड्याळात गाणी साठवायची सोय आहे का, हे आधी पाहा. स्वस्तातल्या अनेक घड्याळांवर म्युझिकचं चिन्ह असतं, पण ते फोनवरची गाणी पुढे-मागे करण्यापुरतंच. गार्मिनच्या फोररनर 245 आणि 245 म्युझिक या जोडीतही साधं मॉडेल गाणी साठवत नाही.

245 म्युझिकवर स्पॉटिफायची प्लेलिस्ट घ्यायची तर प्रीमियम खातं लागतं. डाउनलोड वायफायवरून होतं, आणि तेही 2.4 गिगाहर्ट्झच्याच. राउटर फक्त 5 गिगाहर्ट्झवर असेल तर घड्याळाला ते नेटवर्क दिसणारच नाही. हॉटेलसारखं लॉगिनचं पान उघडणारं वायफायही चालत नाही. घड्याळ चार्जरला लावून ठेवा आणि डाउनलोड पूर्ण होईपर्यंत थांबा. फोनवर प्लेलिस्टमध्ये नवीन गाणी घातली, तर पुन्हा सिंक केल्याशिवाय ती घड्याळात येत नाहीत.

इअरबड्स घड्याळाशी वेगळे जोडावे लागतात. डबी उघडताच ते जुन्या ओळखीच्या फोनला चिकटतात, म्हणून जोडताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा.

आता सगळ्यात चिवट त्रास: मोकळ्या मैदानात गाणं तुटतं. लोक इअरबड्सना दोष देतात, पण आड येतं ते आपलं शरीर. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपण बहुतांशी पाणीच. घरात त्या भिंतींवर आपटून वळसा घालून कानापर्यंत येतात, मैदानात परतवायला काहीच नसतं. डाव्या मनगटावर घड्याळ आणि सिग्नल घेणारा मुख्य बड उजव्या कानात असेल, तर वाटेत अख्खं धड येतं. घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधून तेवढंच अंतर धावून पाहा. तुटणं थांबलं तर कारण हेच. काही इअरबड्समध्ये एकच बड वापरता येतो, मग घड्याळाच्या बाजूचा घाला.

बॅटरीचा हिशेबही बदलतो. 245 म्युझिक जीपीएसवर कंपनीच्या आकड्यानुसार 24 तासांपर्यंत चालतं, गाणी लावली की 6 तासांपर्यंत. हाफ मॅरेथॉनला ते पुरतं. पूर्ण मॅरेथॉन पाच-साडेपाच तासांत होणार असेल तर गाणी सुरुवातीपासून नको, शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.