अंबडच्या कारखान्यासाठी जीएसटी बिलाचा नमुना स्प्रेडशीटमध्ये कसा तयार करावा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना लोखंडी ब्रॅकेट बनवतो आणि तो माल कधी सिन्नरला, तर कधी वापीला जातो असे धरू. सिन्नरच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, तर वापीच्या बिलावर आयजीएसटी लागतो. त्यासाठी दोन नमुने ठेवू नयेत. घाईत नेमका चुकीचाच उघडला जातो.

वरच्या भागात आपले नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, ग्राहकाचा तोच तपशील, तारीख आणि बिल क्रमांक येतो. बिल क्रमांकात सोळापेक्षा अधिक अक्षरे चालत नाहीत. `AMB/2025-26/0007` मध्ये बरोबर सोळा भरतात, म्हणून पुढे आणखी एक अक्षर जोडण्याचा मोह टाळावा.

पुरवठ्याच्या ठिकाणाचा राज्य कोड C5 या स्वतंत्र घरात लिहावा; महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24. तो ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकावरून आपोआप घेऊ नये, कारण नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडे तो क्रमांकच नसतो.

आठव्या ओळीपासून मालाचा तक्ता सुरू करावा: अनुक्रमांक, वर्णन, एचएसएन, नग, एकक, दर, सूट (टक्क्यांच्या चिन्हासह, जसे 5%) आणि करपात्र मूल्य. सूट कर लावण्यापूर्वीच वजा झाली पाहिजे. पहिले सूत्र सतराव्या ओळीपर्यंत खाली ओढावे.

```
H8:  =ROUND(D8*F8*(1-G8),2)
H18: =SUM(H8:H17)
H19: =IF($C$5="27",ROUND(H18*9%,2),0)
H20: =H19
H21: =IF($C$5="27",0,ROUND(H18*18%,2))
H22: =ROUND(SUM(H18:H21),0)-SUM(H18:H21)
H23: =SUM(H18:H22)
```

H19 ते H21 मध्ये अनुक्रमे सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी येतात. H22 मध्ये पैशांची पूर्णांकासाठीची तडजोड दिसते.

खरी गफलत C5 मध्ये होते. ते घर आधी ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवले नाही, तर 27 हा आकडा ठरतो, सूत्रातल्या "27" शी जुळत नाही आणि सिन्नरच्या बिलावर आयजीएसटी लागतो. कोड घराच्या उजव्या कडेला सरकलेला दिसला, तर बहुधा हेच झाले आहे. घर रिकामे राहिले तरी आयजीएसटीच लागतो, म्हणून छापण्यापूर्वी तिथे नजर टाकावी.

आता पडताळणी करू. 85 रुपयांचे 120 ब्रॅकेट 5 टक्के सूट देऊन 9,690 रुपयांचे होतात आणि 240 रुपयांच्या 40 प्लेटा 9,600 च्या. करपात्र रक्कम 19,290. सिन्नरसाठी दोन्ही कर 1,736.10 प्रत्येकी, बेरीज 22,762.20, तडजोड उणे 0.20 आणि देय रक्कम 22,762 रुपये. C5 मध्ये 24 लिहिल्यास आयजीएसटी 3,472.20 दिसावा आणि देय रक्कम तीच राहावी. बिलात निरनिराळ्या दरांचा माल असेल, तर ही मांडणी पुरत नाही. तिथे प्रत्येक ओळीला कराच्या दराचा स्तंभ हवा.

तळाशी रक्कम अक्षरी, खातेधारकाचे नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, यूपीआय आयडी आणि सहीची जागा द्यावी. ‘तीस दिवसांत’ असे मोघम लिहिण्यापेक्षा बिलाच्या तारखेत 30 मिळवून देय तारीखच छापावी, म्हणजे दिवस कुठून मोजायचे हा वाद उरत नाही. उद्यम नोंदणी असल्यास तो क्रमांकही इथेच द्यावा, कारण सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बिलासाठी करारानेसुद्धा 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही.