दोन विषय-ओळींतली कोणती जिंकली? रिपोर्टच्या स्क्रीनशॉटवरून असं ठरवा

सोलापुरातल्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेल विकणाऱ्या आमच्या एका मित्राने दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाइकांना ईमेल पाठवले. आतला मजकूर एकच, विषय-ओळी दोन. 'अ' होती 'फक्त आजच! मोठी सूट'. 'ब' होती 'सोलापुरी चादरींची जोडी, २० टक्के सूट'. दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "अ जिंकली." स्क्रीनशॉटमध्ये फक्त टक्के होते, म्हणून मी आधी पूर्ण आकडे मागवले.

पहिलं काम तेच. Delivered, Unique opens आणि Unique clicks हे तिन्ही रकाने दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. नुसत्या Clicks मध्ये एकाच माणसाने चारदा दाबलेलंही चार धरलं जातं. दोन्ही ओळी एकाच वेळी, यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करून गेल्या होत्या का, हेही विचारा. सकाळची एक आणि रात्रीची दुसरी असेल, तर तुलना तिथेच थांबवा.

मित्राचे आकडे असे होते. अ: पोहोचले ९८०, उघडले २९४, क्लिक २९. ब: पोहोचले ९७५, उघडले २३४, क्लिक ४७.

उघडण्याचा दर अ चा ३० टक्के, ब चा २४. मित्र इथेच थांबला होता. पण मेल उघडल्याची नोंद त्यातल्या एका अदृश्य चित्रामुळे होते. ते चित्र लोड झालं की मेल उघडला असं धरतात. २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसाने मेल पाहिला नाही तरी ते चित्र आधीच लोड होतं. उलट, चित्रं बंद ठेवणाऱ्याने मेल वाचला तरी तो मोजला जात नाही. म्हणून निकाल क्लिकवर लावा आणि भागाकार पोहोचलेल्या मेलांनी करा, उघडलेल्यांनी नको. तो आकडाच डळमळीत आहे.

अ: २९ भागिले ९८०, म्हणजे सुमारे ३ टक्के. ब: ४७ भागिले ९७५, म्हणजे ४.८.

आता हा फरक योगायोगाचा नाही ना, ते पाहायचं. दोन्ही गट जवळपास सारखे असतील, तर दोन्हींचे क्लिक मिळवा, बेरजेचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. इथे बेरीज ७६, वर्गमूळ ८.७, दुप्पट १७.४. क्लिकमधला फरक १८, या मर्यादेपेक्षा जास्त. म्हणजे ब जिंकली, पण अगदी काठावर. ब चे क्लिक ४१ असते, तर फरक १२ आणि मर्यादा १६.७ आली असती. तेव्हा मी कोणालाच विजयी म्हटलं नसतं, पुढच्या वेळी तीच जोडी पुन्हा पाठवायला सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र राहू देऊ नका. कंपन्यांच्या मेल सर्व्हरवरची सुरक्षा यंत्रणा कधीकधी मेलमधले सगळे दुवे स्वतःच तपासते आणि तेही क्लिक म्हणून मोजले जातात. मेल पोहोचताच काही सेकंदांत प्रत्येक दुव्यावर क्लिक पडले असतील, तर त्या पत्त्यांचे क्लिक वजा करून हिशेब पुन्हा करा. ब ची आघाडी इतकी थोडी असताना ब मध्ये असा एक पत्ता निघाला, तरी निकाल हातचा जातो.