दिवाळीत ऑर्डर लेट झाली? माफीच्या मेसेजमधल्या या चुका टाळा

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फराळवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास दिसतो, "प्रिय ग्राहकहो, सणाच्या प्रचंड गर्दीमुळे डिलिव्हरीला थोडा उशीर होत आहे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, लवकरच ऑर्डर पोहोचेल 🙏🪔" आणि त्याच्या खाली दहा मिनिटांत "ताई, लवकरच म्हणजे कधी?" असे रिप्लाय सुरू. मेसेज टाकून फोन कमी व्हायच्या ऐवजी वाढले, तर समजायचं की मेसेजमध्येच गडबड आहे.

पहिली गडबड "लवकरच". गिऱ्हाईकाच्या डोक्यात कॅलेंडर नसतं, सण असतो. उटणं नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या आत हवं, नंतर आलं तर त्याचं काय करायचं? फराळ लक्ष्मीपूजनाला नैवेद्यापुरता तरी हवा, आणि भाऊबीजेला भावाकडे न्यायचा डबा मात्र दोन दिवस उशिरा आला तरी चालतो. म्हणून आधी वहीतल्या ऑर्डरी गिऱ्हाईकाला कशासाठी हव्यात त्याप्रमाणे वेगळ्या काढा, बिझनेस अ‍ॅप असेल तर लेबल लावा, आणि मग त्या-त्या गटाला वेगळा मेसेज. सगळ्यांना एकच मेसेज पाठवला की ज्यांची ऑर्डर वेळेवर जाणार होती ते पण घाबरून फोन करतात, हे विसरू नका.

दुसरी चूक कुरियरवर ढकलायची. कधी खरंच त्यांचा दोष असतो, पण माल अजून तळायचाच आहे, की तळून-पॅक होऊन दुकानात पडलाय, की कुरियरकडे दिलाय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गिऱ्हाईकाला नेमकं तेच कळायला हवं असतं. दिला असेल तर कधी दिला ते आणि ट्रॅकिंग नंबर टाका. दिला नसेल तर कुरियरचं नाव काढूच नका, ट्रॅकिंग नंबर मागितला की लगेच उघडं पडतं.

आता हे बघा, समजा एका ताईंची चकली, चिवडा आणि ओल्या नारळाच्या करंज्या अशी ऑर्डर आहे, चकली-चिवडा तयार आहे पण करंज्या करायला हातच मोकळे नाहीत. मेसेज असा जाऊ शकतो:

"ताई, तुमचा फराळ आज पोचायला हवा होता, नाही पोचला, माफ करा. आम्ही झेपतील त्यापेक्षा जास्त ऑर्डरी घेतल्या. चकली आणि चिवडा उद्या संध्याकाळी ७ च्या आत घरी येईल. करंज्या मात्र पाडव्याला सकाळी ताज्या करून देऊ. चालणार असेल तर १ पाठवा, नको असतील तर २ पाठवा, करंज्यांचे पैसे आजच परत करते."

यात करंज्या घाईघाईत आधी करून ठेवल्या नाहीत हे महत्त्वाचं. ओल्या नारळाचं सारण बाहेर दोन-तीन दिवसांच्या वर भरवशाचं नसतं, त्यात पार्सल अडकलं तर वास येणारच. चकली-चिवडा टिकतो, पण हवा लागली की चकली मऊ पडते. म्हणून माल आधीच बनलेला असेल आणि उशिरा जाणार असेल तर कधी बनवला ती तारीख मेसेजमध्ये लिहा, नाहीतर पहिला प्रश्न "शिळं तर नाही ना" हाच येतो आणि तो बरोबरच आहे. आणि पैसे परत मागणाऱ्याला "पुढच्या ऑर्डरवर १०% सूट" देऊ नका, ह्या वेळचं भांडण राहतंच वर पुढच्या ऑर्डरचा आग्रह.

सगळ्यात जास्त फसतात ते ब्रॉडकास्टमध्ये. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज जातच नाही, आणि नवीन गिऱ्हाईक तर बहुतेक नंबर सेव्ह करतच नाही. मग "मेसेज टाकला होता ना" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. मेसेज दाबून धरा, माहिती उघडा, "रीड" आणि "डिलिव्हर" दोन्हीखाली ज्यांची नावं नाहीत त्यांना वेगळा मेसेज करा, तरी एकच टिक दिसत असेल तर सरळ फोन. ह्या कटकटीवर उपाय म्हणून सगळ्यांना ग्रुपमध्ये घालू नका, एकमेकांचे नंबर दिसतात, आणि एकाने "माझं पण आलं नाही" लिहिलं की बाकीचे सुरूच होतात.

वेळ चुकीची टाईप झाली तर १५ मिनिटांत मेसेज एडिट करता येतो, पण तोवर वाचून कोणी दारात वाट बघत बसलं असेल, म्हणून एडिटवर न थांबता खाली "वेळ बदललीये" असं वेगळं लिहा. आणि दिलेली वेळ परत चुकणार असं दिसलं की दुसरा माफीचा मेसेज टाईप करत बसू नका, ७ वाजायची वाट न बघता ५ लाच फोन लावा, "ताई, नाही होणार आज, गाडी पाठवू का तुम्ही येऊन नेता?" एवढं विचारा.