लेख पाच रुपयांचा, बिल पन्नासचं: सुट्या वाचनाचं खातं कसं चालवावं

निफाडचा द्राक्ष बागायतदार तुमच्या शेतीविषयक साइटवर भुरीवरचा एकच लेख वाचायला येतो. वर्षाची वर्गणी तो भरणार नाही, पाच रुपये मात्र देईल. पण तेवढ्यासाठी दर वेळी यूपीआय उघडून पिन टाकायला लावलात तर लेख सोडून निघून जाईल. अमेरिकेत अडचण शुल्काची होती. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर साधारण ३० सेंट अधिक २.९ टक्के कापले जातात, त्यामुळे २५ सेंटच्या लेखावर शुल्कच किमतीपेक्षा मोठं. वीस लेखांचे ५ डॉलर एकदम घेतले तर कपात ४५ सेंटच्या आसपास येते. दोन्हीकडे उपाय एकच, किराणा दुकानातली उधारीची वही.

आधी उधारीची मर्यादा ठरवा, समजा ५० रुपये. जर्मनीच्या लेटरपे या पेमेंट कंपनीने ती ५ युरो ठेवली होती. तोवर वाचकाकडे नाव-पत्ताही मागितला जात नसे.

मग प्रत्येक लेखाखाली किमतीचं बटण द्या. बटण दाबलं की वहीत एक ओळ पडते: खातं, लेख, किंमत, वेळ. इथेच बहुतेक घोळ होतात. नेट अडखळलं की माणूस बटण पुन्हा दाबतो आणि दहा रुपये चढतात. म्हणून नोंद करण्याआधी याच खात्यावर हाच लेख आधीच आहे का ते तपासा. असेल तर नुसता लेख उघडा. विकत घेतलेला लेख पुन्हा वाचायला पैसे लागू नयेत, तेही याच तपासणीत साधतं.

आता बिल. बागायतदाराच्या खात्यात ४८ रुपये आहेत आणि त्याने पाच रुपयांचा लेख उघडला. बेरीज ५३ होते, मर्यादा ओलांडते. लेख उघडण्याआधी ५३ रुपयांचा क्यूआर दाखवा आणि शेजारी वाचलेल्या लेखांची तारखेनुसार यादी द्या. पैसे आल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून तुमच्या सर्व्हरला मिळाल्यावरच खातं शून्य करा. वाचकाच्या फोनवरची हिरवी टिक पुरावा धरू नका.

बुडीत खातं राहणारच. खातं ब्राउझरच्या कुकीवर असेल तर कुकी पुसली की उधारीही पुसली जाते, आणि तोच माणूस लॅपटॉपवर नवा गिऱ्हाईक दिसतो. मोबाइल नंबरवर खातं उघडलं तर हे थांबतं, पण पहिल्याच लेखाला ओटीपी मागितलात की बरेच जण तिथूनच परततात. माझ्या मते पहिलं बिल वीस रुपयांवर घ्यावं, नंबर त्याच वेळी घ्यावा आणि पुढची मर्यादा पन्नास करावी.

लेख आवडला नाही तर पैसे परत, ही सोय सुटे लेख विकणाऱ्या नेदरलँड्सच्या ब्लेंडल कंपनीने दिली होती. तुम्हीही द्या, पण बिल निघण्याआधीच. वहीतली ओळ खोडणं फुकट असतं, वळते झालेले पैसे परत पाठवणं नाही.