चॅनलसाठी 3 सेकंदांचा लोगो स्टिंग कसा बनवायचा (आणि आवाज बरोब्बर फ्रेमवर कसा बसवायचा)

लोगो स्टिंग म्हणजे व्हिडिओत येणारा, आवाजासकट हलणारा छोटासा लोगो. लोगो हलवणं तसं सोपं आहे, पण बघणाऱ्याच्या डोक्यात राहतो तो आवाज, आणि आवाज एक-दोन फ्रेम जरी इकडेतिकडे झाला तरी सगळं स्वस्तातलं वाटायला लागतं. म्हणून मी आधी ॲनिमेशनला हातच लावत नाही, आधी ठोका कुठल्या फ्रेमवर पडणार ते ठरवते आणि बाकी सगळं त्याच्याभोवती.

उदाहरण घेऊ स्वयंपाकाच्या चॅनलचं. लोगोत एक पातेलं आहे, वरून झाकण पडतं, टण्ण वाजतं, झाकण दोनदा उडून बसतं आणि खाली चॅनलचं नाव येतं. बस्स. तीन सेकंदांत यापेक्षा जास्त काही घडवू नका, ठिणग्या, धूर, फिरणारा कॅमेरा वगैरे अजिबात नको.

सॉफ्टवेअर म्हणून दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं, आवाजाला ऑडॅसिटी. प्रोजेक्ट बनवल्या बनवल्या आधी सेटिंगमध्ये जाऊन 1920×1080 आणि फ्रेम रेट तुमचे व्हिडिओ असतात तोच टाका, कारण टाइमलाइनवर एकदा मीडिया आला की रिझॉल्व्ह फ्रेम रेट बदलू देत नाही. मी इथे 25 धरतेय, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची आणि अख्खा स्टिंग 75 फ्रेमचा.

लोगोचे तीन वेगळे पीएनजी काढा: पातेलं, झाकण, नाव. मागचं बॅकग्राउंड पारदर्शक, आणि तिन्हींचा कॅनव्हास पूर्ण 1920×1080 ठेवा, गोष्टी शेवटी जिथे दिसायला हव्यात तिथेच. मग तिन्ही एकावर एक ट्रॅकवर टाकले की आपोआप जागेवर बसतात, आणि झाकणाची "जागेवर" पोझिशन म्हणजे सरळ शून्य.

आता आवाज. लायब्ररीतला सिनेमॅटिक धडाम शोधत बसू नका, तो हजार चॅनलवर वाजतोय. घरचंच स्टीलचं पातेलं घ्या, पंखा बंद करा, फोन हातभर लांब ठेवा आणि झाकण जोरात, मध्यम आणि हळू असं तीन प्रकारे आपटून रेकॉर्ड करा. खरंखुरं झाकण टाकून उडतानाचा आवाज घ्यायचा मोह होईल, पण तो इतका वेडावाकडा खडखडतो की मांजराने भांडी पाडल्यासारखं वाटतं, त्यामुळे सुटे ठोकेच बरे. झाकण फार वेळ घुमत असेल तर त्याच्या कडेला फडकं धरा. ऑडॅसिटीत उघडल्यावर वेव्हफॉर्मचे शेंडे सपाट कापलेले दिसले तर आवाज फाटलाय, फोन अजून लांब ठेवून परत घ्या. फोनची एम4ए फाइल ऑडॅसिटी उघडत नसेल तर त्याला FFmpeg जोडावं लागतं.

प्रत्येक ठोका जिथे सुरू होतो तिथेच अगदी काटेकोर कापा, आधी जराही शांतता नको, आणि एक्स्पोर्ट करताना WAV, 48000 हर्ट्झ. एमपी3 नका करू, कारण त्या फॉरमॅटमध्ये सुरुवातीला थोडी रिकामी शांतता चिकटून येऊ शकते, आणि मग तुम्ही बरोबर ठेवूनसुद्धा ठोका उशिरा वाजतो.

नुसतं स्टील जरा किरकिरं वाटतं, म्हणून खाली वजन द्यायचं. ऑडॅसिटीच्या Generate मेनूत Chirp आहे, साइन वेव्ह घ्या, 120 हर्ट्झपासून 50 पर्यंत उतरणारी, पाव सेकंदाची, ॲम्प्लिट्यूड 0.8 वरून 0. हा धप्प आवाज फक्त पहिल्या ठोक्याखाली ठेवायचा. फोनच्या छोट्या स्पीकरवर तो जवळपास ऐकूच येत नाही, तिथे स्टीलच काम करतं, पण हेडफोन किंवा टीव्हीवर मजा येते. नुसत्या बासवर अवलंबून राहिलात तर मोबाइलवाल्यांसाठी तुमचा स्टिंग मुका.

रिझॉल्व्हमध्ये जोरातला ठोका फ्रेम 18 वर, मध्यम 26 वर आणि हळू 30 वर ठेवा. पहिलं अंतर 8 फ्रेम, दुसरं 4, म्हणजे प्रत्येक उडी निम्म्या वेळेची, आणि वेळ निम्मा झाला की उडीची उंची पावपट होते, हे लक्षात ठेवा, आत्ता लागणारच आहे.

झाकणाला कीफ्रेम द्यायचे, म्हणजे कुठल्या फ्रेमवर ते कुठे असेल ते नोंदवायचं, इन्स्पेक्टरमधल्या Position Y ला, प्रत्येक आकड्याच्या फ्रेमवर जाऊन. माझे आकडे असे:

फ्रेम 10 ला 800 (स्क्रीनच्या बाहेर वर), 12 ला 750, 14 ला 600, 16 ला 350 आणि 18 ला 0. मग 22 ला 200, 26 ला 0, 28 ला 50, 30 ला 0.

पडताना बघा, पहिल्या दोन फ्रेममध्ये 50 पिक्सेल आणि शेवटच्या दोन फ्रेममध्ये 350. पडणारी वस्तू वेग घेत येते आणि थेट आपटते. इथेच बहुतेक जण फसतात, सगळे कीफ्रेम सिलेक्ट करून स्मूथ करून टाकतात, मग झाकण पातेल्याजवळ येऊन हळूच लिफ्टसारखं थांबतं आणि आवाज मात्र टण्ण! ते कधीच जुळल्यासारखं वाटत नाही, फ्रेम बरोबर असली तरी. गोलाई द्यायचीच तर फक्त उडीच्या टोकाला, म्हणजे 22 आणि 28 ला.

पातेल्यालाही धक्का बसला पाहिजे: 17 ला 0, 18 ला -14, 21 ला परत 0. मग झाकणाचा 18 चा आकडापण -14 करा, नाहीतर ठोक्याच्याच फ्रेमवर दोघांत फट दिसते. नाव 20 पासून 28 पर्यंत ओपॅसिटीने आणा आणि मग कशालाही हात लावू नका, वाचायला वेळ हवा.

जुळलंय का ते बघायला ॲरो कीने एकेक फ्रेम पुढे जा, 18 वर झाकण टेकलेलं आणि वेव्हफॉर्मचा सुळका तिथूनच सुरू. शंका आली तर आवाज एक फ्रेम उशिरा चालेल, आधी नको. आपल्याला आधी दिसायची आणि मग ऐकायची सवय आहे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या प्रसारणाच्या शिफारशीतही आवाज साधारण 45 मिलिसेकंद आधी आला की कळतो असं धरलंय, उशिरा मात्र 125 पर्यंत खपतो. आणि हे ब्लूटूथ इयरफोनवर तपासू नका, ते स्वतःच उशीर करतात, वायरवालेच घ्या.

आवाजाची पातळी मीटरवर सर्वात मोठ्या ठोक्याला -6 च्या आसपास ठेवून सुरुवात करा. इतक्या छोट्या आवाजाला लाउडनेस नॉर्मलाइझ लावलं तर मधली शांतता आणि विरत जाणारा भाग धरून सरासरी कमी भरते आणि टूल ठोका भलताच वर चढवतं. त्यापेक्षा तुमच्या एका जुन्या व्हिडिओतलं बोलणं, लगेच स्टिंग, परत बोलणं असं वाजवा. दचकायला झालं तर दोन-तीन डीबी खाली.

शेवटी डिलिव्हरमध्ये क्विकटाइम, DNxHR 444 12-bit, आणि Export Alpha ला टिक. म्हणजे पारदर्शक फाइल मिळते आणि कुठल्याही शॉटवर टाकता येते. H.264 मध्ये पारदर्शकता राहत नाही, झाकण काळ्या चौकटीत येईल. आवाजाची घुमणारी शेपटी 75 फ्रेममध्ये तुटत असेल तर शेवटच्या 10 फ्रेमवर फेड आउट द्या.