स्लाइडवरची त्वचा थिक की थिन? पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी

खानापूर, निपाणीकडून मराठी माध्यमातून बेळगावला मेडिकलला आलेल्या मुलामुलींना त्वचेची स्लाइड सोपी वाटते. पाच थरांची नावं पाठ झाली की काम झालं असं वाटतं. परीक्षेत मात्र प्रश्न असतो तो ही त्वचा थिक की थिन, आणि कशावरून. आमच्या बॅचची बरीच मुलं इथेच अडली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे पक्कं करून घ्या की थिक-थिन ठरतं ते एपिडर्मिसच्या जाडीवरून, अख्ख्या कातडीच्या नव्हे. पाठीची कातडी चिमटीत जाड लागते, पण ती जाडी खालच्या डर्मिसची. तिथली एपिडर्मिस पातळ, म्हणून पाठ थिन स्किनमध्येच मोडते. थिक स्किन असते ती तळहात, तळपाय आणि बोटांच्या आतल्या बाजूला. तिथे एपिडर्मिस साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर भरते, बाकी अंगावर बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे ऊस तोडणाऱ्यांच्या तळहाताला घट्टे पडतात, तो सगळ्यात वरचा कॉर्नियम वाढलेला असतो. पण राबून राबून कोपर कितीही राठ झालं तरी तिथली त्वचा थिनच राहते, कारण तिथे केसांची मुळं असतात. थिक स्किनमध्ये केसही नसतात आणि तेलग्रंथीही नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर असतात.

म्हणून स्लाइड लावली की लगेच मोठ्या लेन्सवर जाऊ नका. सराव करताना ज्युनिअरांसमोर एक स्लाइड आली होती. एपिडर्मिसचा जांभळा पट्टा चांगला रुंद दिसत होता, त्यामुळे बहुतेकांनी थिक स्किन लिहून टाकलं. पण त्या पट्ट्याच्या आत गुलाबी गोल बेटं होती आणि प्रत्येक बेटाभोवती गडद पेशींचं कडं होतं. ती बेटं म्हणजे डर्मिसचे आडवे कापले गेलेले उंचवटे. ती दिसली की समजायचं, काप तिरका गेलाय आणि जाडी फसवी आहे. वरचा कॉर्नियम बघितला तर अगदी बारीक आणि सुटा सुटा. मग स्लाइड सरकवत खाली गेल्यावर फिकट, फेसाळ पेशींचा पुंजका सापडला. ती तेलग्रंथी होती, आणि उत्तर थिन स्किन.

आता थर खालून वर वाचा, कारण केराटिनोसाइटचा प्रवासच तसा आहे. एपिडर्मिसमधल्या दहातल्या नऊ पेशी याच असतात. सगळ्यात खाली स्ट्रेटम बेसेलची एकच रांग, पेशी दाटीवाटीने उभ्या, केंद्रक गडद. नव्या पेशी मुख्यतः इथेच तयार होतात. त्यावर स्पायनोसम. इथे पेशींच्या कडांना काटे दिसतात. स्लाइड बनवताना पेशी आकसतात, पण डेस्मोसोमचे सांधे सुटत नाहीत, म्हणून ते काटे. जिवंत त्वचेत पेशी अशा काटेरी नसतात, आणि व्हायवाला हे हमखास विचारतात.

त्यापुढचा ग्रॅन्युलोसम नीट बघा, कारण थिक-थिनची खूण इथेही मिळते. चपट्या पेशी, आत गडद निळे दाणे. थिक स्किनमध्ये अशा तीन ते पाच रांगा सलग दिसतात, तर थिनमध्ये जेमतेम एखादी, तीही तुटक. याच पेशी बाहेर स्निग्ध द्रव्य सोडतात. त्यामुळे अंगातलं पाणी उडून जात नाही. इथून वर पेशींना केंद्रक राहत नाही. ल्युसिडम ही चकचकीत फिकट पट्टी थिक स्किनमध्येच सांगतात, पण प्रत्येक स्लाइडवर ती स्पष्ट उमटतेच असं नाही. ती दिसली नाही एवढ्यावरून थिन लिहू नका. शेवटी कॉर्नियम. थिक स्किनमध्ये तो भरगच्च गुलाबी असतो आणि घामाची नळी त्यातून नागमोडी वर जाताना दिसते. कुठे केस नाही आणि वर ही नळी आहे, एवढं जमलं तरी उत्तर निःशंक द्या.

राहिल्या बाकीच्या पेशी. मेलॅनोसाइट आणि लँगरहान्स पेशी, दोन्ही नेहमीच्या एच अँड ई रंगात फिकट दिसतात, भोवती मोकळी जागा असल्यासारख्या. त्यांना जागेवरून ओळखायचं: बेसेलच्या रांगेत असेल तर बहुधा मेलॅनोसाइट, वर स्पायनोसममध्ये असेल तर बहुधा लँगरहान्स. पहिली रंगद्रव्य बनवून शेजारच्या केराटिनोसाइटना देते, दुसरी बाहेरून आलेलं परकं काही पकडून प्रतिकारशक्तीला कळवते. स्पर्श टिपणारी मर्केल पेशीही बेसेलमध्येच असते आणि बोटांच्या टोकांना जास्त, पण या रंगात ती वेगळी ओळखू येत नाही. म्हणून बघून काढलेल्या आकृतीत तिच्यावर बाण दाखवू नका. विचारलंच तर तिची जागा तोंडी सांगा आणि ओळखायला खास रंगक्रिया लागते हेही सांगा.