दोन वीटभट्ट्या आणि कूर्नोचा तोल : एम.ए. अर्थशास्त्राला नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला द्वयाधिकाराचं प्रकरण येतं, म्हणजे बाजारात फक्त दोनच विक्रेते. पाठ्यपुस्तकात तिथे खनिज पाण्याचे दोन झरे असतात. ऑगस्टिन कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ साली हेच उदाहरण घेतलं होतं, आणि झऱ्याच्या पाण्याला उत्पादनखर्च काहीच नाही असं धरलं होतं. आमच्याकडच्या मुलांनी विकायचा झरा कधी पाहिलेला नसतो. वीटभट्टी मात्र प्रत्येकाने पाहिलेली असते, काहींच्या घरचे भट्टीवर कामालाही जातात. म्हणून मी भट्ट्यांवरूनच शिकवतो. ज्यांना हे प्रकरण एकट्याने वाचायचं आहे, त्यांनाही मी हीच वाट सुचवेन.

भट्टी घेण्यामागे सोयीपेक्षा मोठं कारण आहे. दिवाळीच्या सुमारास मालक मजुरांच्या टोळ्यांना उचल देतो, मातीचा आणि कोळशाचा बंदोबस्त करतो. त्याच वेळी या हंगामात किती लाख विटा पाडायच्या हे जवळपास ठरून जातं. पलीकडच्या भट्टीवाल्याने किती टोळ्या बांधल्या ते त्याला नक्की ठाऊक नसतं. आणि ठाऊक झालं तरी मधेच टोळी वाढवणं किंवा परत पाठवणं सोपं नाही. विटा भाजून झाल्यावर दोन्ही भट्ट्यांचा माल मिळून जो होईल, त्यावर भाव ठरतो. एका भट्टीमालकाने मला एकदा सांगितलं, “भाव काय माह्या हातात हाये का सर? विटा किती पाडाच्या, तेवढंच माह्या हातात.” कूर्नोच्या प्रतिमानाचं गृहीतक हेच आहे. दोघे एकाच वेळी नग ठरवतात आणि भाव बाजार ठरवतो.

आता आकडे घेऊ. ते सोपे जावेत म्हणून मी बनवलेले आहेत, बाजारातले नाहीत. एका हजार विटांचा खर्च दोन्ही भट्ट्यांना ४,००० रुपये. तालुक्यात एकूण विटा शून्य असत्या तर भाव हजारी १०,००० असता, आणि एकूण मालात दर एक लाखाची भर पडली की भाव हजारी १०० रुपयांनी उतरतो. म्हणजे ३० लाख विटा आल्या तर भाव ७,०००, ४० लाख आल्या तर ६,०००, आणि ६० लाख आल्या तर ४,०००, म्हणजे निव्वळ खर्चाइतका.

दोन टोकं आधी पक्की करा. सगळा तालुका एकाच मालकाच्या हातात असता तर त्याने ३० लाख विटा पाडल्या असत्या, कारण हजारी ३,००० रुपये सुटून त्याचा एकूण नफा ९० लाख होतो आणि याहून जास्त कुठेच होत नाही. हे मक्तेदारीचं टोक. दुसरीकडे पूर्ण स्पर्धेत भाव खर्चापर्यंत उतरतो आणि ६० लाख विटा बाजारात येतात. प्रश्न असा, की दोनच भट्ट्या असतील तर एकूण माल या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबेल?

मुलांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा असं असतं, की दोघांनी मक्तेदाराचा माल वाटून घ्यावा, प्रत्येकी १५ लाख, नफा प्रत्येकी ४५ लाख. दोघांचं मिळून याहून भलं कशातच नाही, हे खरंच. पण इथे सूत्राकडे धावू नका. एका मालकाच्या जागी बसा आणि आणखी एक लाख विटांचा हिशोब करा. एकूण ३१ लाख होतील, भाव ६,९०० होईल. वाढीव एक लाख विटांवर हजारी २,९०० सुटतील, म्हणजे २ लाख ९० हजार आत आले. पण आधीच्या १५ लाख विटांचाही भाव हजारी १०० ने उतरला, तिथे दीड लाख गेले. निव्वळ १ लाख ४० हजारांचा फायदा. त्याच वेळी पलीकडच्या मालकाच्या १५ लाख विटांवरही दीड लाखाचं नुकसान झालं, पण ते याच्या वहीत चढत नाही.

माझ्या मते या प्रकरणाचं सगळं मर्म या एका ओळीत आहे. भाव पाडल्याचं निम्मं नुकसान शेजाऱ्याच्या खात्यात जातं. एकच मालक असता तर दोन्ही दीड लाख त्यालाच सोसावे लागले असते, म्हणजे ३ लाख जाऊन २ लाख ९० हजार आले असते, आणि त्याने ती लाखभर वीट पाडलीच नसती. दोन मालक झाले की तो आवर निम्मा होतो, म्हणून एकूण माल ३० लाखांवर थांबत नाही.

मग तो ६० लाखांपर्यंत का जात नाही? प्रत्येकी ३० लाखांवर उभे राहा. भाव ४,०००, नफा शून्य. एकाने एक लाख विटा कमी पाडल्या तर त्या विटांवरचं त्याचं काहीच जात नाही, कारण त्यांच्यावर काही सुटतच नव्हतं. उलट उरलेल्या २९ लाख विटांवर हजारी १०० मिळतात, म्हणजे २ लाख ९० हजार. प्रत्येकाचा माल इतका मोठा आहे की भावावर आपला हात आहे हे त्याला दिसतं. पूर्ण स्पर्धेतल्या असंख्य छोट्या विक्रेत्यांना ते दिसत नाही, म्हणून ते मागे सरत नाहीत.

आता प्रत्येकी २० लाख घ्या. भाव ६,०००. एक लाख वाढवले तर आत येतात १ लाख ९० हजार आणि जातात २ लाख, म्हणजे १० हजारांचा तोटा. एक लाख घटवले तर त्या विटांवरचे २ लाख जातात आणि उरलेल्या १९ लाखांवर १ लाख ९० हजार मिळतात. पुन्हा १० हजारांचा तोटा. दुसरा २० वर असताना पहिल्याला हलावंसं वाटत नाही, आणि पहिला २० वर असताना दुसऱ्याला. हाच कूर्नोचा तोल. एकूण ४० लाख विटा, ३० आणि ६० च्या मध्ये. नफा प्रत्येकी ४० लाख, म्हणजे संगनमत केलं असतं तर मिळाला असता त्याहून ५ लाख कमी. ग्राहकाला वीट मक्तेदारीपेक्षा हजारी १,००० रुपयांनी स्वस्त पडते, पण खर्चाच्या भावात मिळत नाही.

हा हिशोब हाताने केल्यावरच कलनाकडे वळा. एका भट्टीचा नफा तिच्या स्वतःच्या संख्येच्या सापेक्ष घ्या, दुसरीची संख्या स्थिर धरा, आणि अवकलज शून्य करा. पहिलीच्या विटा q1 आणि दुसरीच्या q2, अशा लाखांमध्ये लिहिल्या तर प्रतिक्रिया फलनं, म्हणजे एकीच्या संख्येला दुसरीचं सर्वोत्तम उत्तर, अशी येतात:

```
q1 = (60 - q2) / 2
q2 = (60 - q1) / 2
```

दोन्ही एकत्र सोडवली की q1 = q2 = 20. उत्तरपत्रिकेतली सर्वांत मोठी गफलत याच पायरीवर होते. दोघे सारखेच आहेत म्हणून मुलं अवकलज काढण्याआधीच q1 च्या जागी q2 घालून मोकळी होतात. मग प्रत्येकी १५ येतं, म्हणजे नकळत मक्तेदारीचंच उत्तर. कारण तसं केल्याने आपण असं मानून बसतो की मी एक वीट वाढवली की शेजारीही एक वाढवेल. दोघे समान असल्याचा उपयोग करायचाच, पण अवकलज काढून झाल्यावर. तपासणी सोपी आहे. तुमचं एकूण उत्पादन मक्तेदाराइतकंच आलं, तर पाऊल याच ठिकाणी चुकलं.

दोन भट्ट्यांचा खर्च वेगळा असेल तर काय, हेही एकदा करून बघा. पहिली वणीच्या कोळसा खाणींच्या जवळ आहे आणि दुसरीला कोळशाच्या वाहतुकीमुळे हजारी ४,६०० पडतात असं धरा. दुसरीच्या समीकरणात ६० च्या जागी ५४ येतील. सोडवल्यावर पहिली २२ लाख आणि दुसरी १६ लाख पाडते, भाव ६,२००. महाग भट्टी बंद पडत नाही, तिचा वाटा घटतो. पूर्ण स्पर्धेत ती टिकली नसती. पहिलीचा खर्च घटलेला नसतानाही तिने माल २० वरून २२ वर नेला, इकडे लक्ष द्या. शेजारी मागे सरला म्हणून तिला पुढे सरणं परवडलं.

१८८३ साली जोसेफ बर्ट्रांडने घेतलेला आक्षेप परीक्षेला हमखास असतो. मालक संख्या न ठरवता भाव ठरवत असतील, तर समान खर्चाचे दोनच विक्रेते एकमेकांखाली भाव लावत थेट ४,००० वर येतील. कोणतं प्रतिमान वापरायचं याची खूण अशी : भाव उतरवून सगळं गिऱ्हाईक ओढलं, तर तेवढा माल द्यायची ताकद विक्रेत्याकडे आहे का? दिवाळीला बांधलेल्या टोळ्यांवर चालणाऱ्या भट्टीकडे ती नसते, म्हणून तिथे कूर्नो जवळचा. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. इथला हिशोब एकाच हंगामाचा आहे. तेच दोन मालक वर्षानुवर्षं समोरासमोर असतील, तर ‘तू जास्त पाडल्यास तर पुढच्या साली मीही पाडीन’ या धाकाने १५-१५ सुद्धा टिकू शकतं. तो पुनरावृत्त खेळांचा विषय आहे.

शेवटी पुस्तकातल्या साखळीबद्दल. बऱ्याच पुस्तकांत असं येतं : पहिल्याने ३० पाडल्या, ते बघून दुसऱ्याने १५, मग पहिल्याने २२.५, मग दुसऱ्याने १८.७५, आणि असं करत दोघे २० ला पोचतात. आकडे बरोबर आहेत, पण मुलं या साखळीलाच कूर्नोचा तोल समजतात. प्रतिमानात कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. तोल म्हणजे दोघांची अशी जोडी, की जिच्यात प्रत्येकाची संख्या दुसऱ्याच्या संख्येला दिलेलं सर्वोत्तम उत्तर असते. जॉन नॅशने १९५० च्या सुमारास हीच कल्पना कितीही खेळाडूंसाठी मांडली, म्हणून आज याला कूर्नो-नॅश तोल म्हणतात.

साखळी आणि तोल वेगळे का, हे तिसरी भट्टी आणली की लगेच कळतं. प्रत्येकीचं सर्वोत्तम उत्तर म्हणजे ६० मधून बाकी दोघींचा माल वजा करून त्याचं निम्मं. तिघी १५ वर असतील तर (६० − ३०) चं निम्मं १५, म्हणजे तोल आहे आणि एकूण माल ४५ लाख. आता तिघी १० पासून निघाल्या आणि दर वर्षी मागच्या वर्षीचा माल बघून एकदमच बदलू लागल्या असं धरा. (६० − २०) चं निम्मं २०, पुढच्या वर्षी (६० − ४०) चं निम्मं १०, मग पुन्हा २०. त्या कायम १० आणि २० मध्ये झुलत राहतात, १५ वर कधीच येत नाहीत. चार भट्ट्या घेऊन १० पासून हेच करा. तोल १२ वर आहे, पण पहिल्या फेरीत १५, दुसरीत ७.५, असे झोके मोठेच होत जातात. हे थिओकॅरिस यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं. म्हणून उत्तर लिहिताना आधी तोलाची व्याख्या लिहा आणि २०-२० ती पूर्ण करतं हे दाखवा. साखळी द्यायचीच असेल तर त्यानंतर द्या, आणि दोनहून जास्त भट्ट्या एकदमच बदलत असतील तर ती तोलाला पोचत नाही असं शेजारी नोंदवा.